रेषेवरून पैसे जात नाहीत, निरोप जातात: यूपीआय पेमेंट आणि तुमचे चार गोल

प्रश्न: कोल्हापुरातल्या दुकानदारांसाठी यूपीआय समजावणारं दोन मिनिटांचं ॲनिमेशन करतोय. चार गोल काढलेत: गिऱ्हाइकाचा फोन, त्याची बँक, दुकानदाराची बँक, दुकानदाराचा फोन. त्यांच्यामधून पैशाचा ठिपका पळतो. ‘पैसे कापले पण पोचले नाहीत’ हे दाखवताना ठिपका नेमका कुठे थांबवू? पैसे तेव्हा असतात कुठे?

उत्तर:

ठिपका कुठेच थांबवू नका, कारण तो ठिपका म्हणजे पैसे नाहीतच. त्या रेषांवरून फक्त निरोप जातात आणि निरोपांची उत्तरं येतात. निरोप मिळाला की एक बँक आपल्या पुस्तकात गिऱ्हाइकाची शिल्लक कमी करते आणि दुसरी बँक आपल्या पुस्तकात दुकानदाराची शिल्लक वाढवते. ज्याला लोक ‘अडकलेले पैसे’ म्हणतात, तिथे बहुतेक वेळा एखाद्या निरोपाचं उत्तर वेळेत आलेलं नसतं. तुमच्या चित्रात ही एक गोष्ट बदलली की बाकीचं आपोआप जागेवर येईल.

मी इथल्याच एका नागरी सहकारी बँकेत डिजिटल पेमेंटचं रिकन्सिलिएशन बघतो. रोज यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडून आलेल्या फायली आणि आमच्या कोअर बँकिंगमधल्या, म्हणजे बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीतल्या नोंदी समोरासमोर ठेवायच्या आणि जुळत नाही ते शोधायचं, हे माझं काम. शाखांमधल्या नव्या मंडळींना शिकवायला असंच गोल-रेषांचं ॲनिमेशन आम्ही वापरतो, त्यामुळे कुठे गोंधळ होतो ते मला चांगलं माहीत आहे.

आधी एक मर्यादा सांगतो. सगळे यूपीआय व्यवहार एकाच वाटेने जात नाहीत. यूपीआय लाइटमधून दिलेली छोटी रक्कम त्या क्षणी बँकेतल्या खात्यातून कापली जात नाही. दुकानात लावलेला क्यूआर व्यापारी म्हणून नोंदलेला आहे की मालकाचा वैयक्तिक आहे, यावरही काही नियम बदलतात. आपल्याकडच्या बऱ्याच सहकारी बँका तर थेट जोडलेल्याच नसतात, त्या एखाद्या मोठ्या बँकेच्या आधाराने जोडलेल्या असतात. हे सगळं एका चित्रात कोंबलंत तर दुकानदार तिसऱ्या सेकंदाला फोन खिशात टाकेल. म्हणून एकच साधा प्रसंग धरा: बचत खात्यातून, दुसऱ्या बँकेत खातं असलेल्या दुकानदाराला, क्यूआर स्कॅन करून दिलेले पैसे.

पाचवा गोल

तुमच्या चित्रात सगळ्यात महत्त्वाचा गोल राहून गेलाय, तो म्हणजे एनपीसीआयचा यूपीआय स्विच, सगळे निरोप इकडून तिकडे पोचवणारी यंत्रणा. तो मधोमध काढा आणि बाकीच्यांपेक्षा मोठा काढा. दोन बँकांना थेट जोडणारी रेषा पूर्ण पुसून टाका. गिऱ्हाइकाची बँक दुकानदाराच्या बँकेशी एक शब्दही बोलत नाही, दोघीही फक्त स्विचशी बोलतात. प्रत्येक ॲपच्या मागे यूपीआयशी जोडलेली एक बँक उभी असते, पण तिचा वेगळा गोल काढू नका. ॲप आणि ती मिळून एकच गोल ठेवा. नियमांच्या दृष्टीने ती वेगळी आहे, दुकानदाराला मात्र त्या फरकाचा उपयोग नाही.

आता प्रसंग घ्या. शनिवारी संध्याकाळी चप्पल लाईनमध्ये एकाने १,४५० रुपयांचं पायताण घेतलं. त्याच्या खात्यात ६,२०० रुपये आहेत, दुकानदाराच्या खात्यात १८,३००. दोन्ही बँकांच्या गोलांखाली पासबुकाच्या ओळीसारखी एक पट्टी काढा आणि त्यात हे आकडे लिहा. पुढच्या सगळ्या गोष्टीत प्रेक्षकाने ठिपक्याकडे कमी आणि या दोन पट्ट्यांकडे जास्त बघायला हवं.

गिऱ्हाइकाने क्यूआर स्कॅन केला की त्यातून ॲपला दुकानदाराचा यूपीआय पत्ता मिळतो. ॲप स्विचमार्फत विचारतं की हा पत्ता खरा आहे का आणि कोणाच्या नावावर आहे. उत्तर येतं, पडद्यावर नाव दिसतं. हा ठिपका करड्या रंगाचा करा, कारण इथे अजून पैशाचा विषयच नाही.

मग तो रक्कम टाकतो आणि पिन देतो. पिन टाकायचा पडदा ॲपचा वाटला तरी तो एनपीसीआयच्या सामायिक लायब्ररीचा असतो. पिन तिथेच कुलूपबंद होतो, ॲपला तो दिसत नाही. पिन बरोबर आहे की नाही हे फक्त गिऱ्हाइकाची बँक ठरवते. ठिपक्यावर एक छोटं कुलूप काढलंत तर एवढं पुरे.

आता `ReqPay` नावाचा निरोप स्विचकडे निघतो. स्विच आधी दुकानदाराच्या बाजूला विचारतो की या पत्त्यामागचं खातं कोणतं. ते कळल्यावर तो गिऱ्हाइकाच्या बँकेला सांगतो: या खात्यातून १,४५० वजा करा. बँक पिन तपासते, शिल्लक तपासते, ६,२०० चे ४,७५० करते आणि ‘केले’ म्हणून कळवते. हे उत्तर हातात आल्यावरच, त्याआधी नाही, स्विच दुकानदाराच्या बँकेला सांगतो: या खात्यात १,४५० जमा करा. तिथे १८,३०० चे १९,७५० होतात, उत्तर येतं आणि शेवटी दोन्ही फोनना निकाल कळतो.

आधी वजा, मग जमा. हा क्रम चित्रात ठसठशीत दिसला पाहिजे. बरीच ॲनिमेशन्स दोन्ही ठिपके एकाच वेळी सोडतात, कारण ते दिसायला छान दिसतं. पण पैसे कापले आणि पोचले नाहीत याचं अख्खं कोडं या क्रमातच आहे, आणि तोच चुकवला तर पुढचं काहीच समजावता येत नाही.

मग खरे पैसे कधी जातात?

वरच्या प्रसंगात दुकानदाराला १,४५० मिळाले, तो ते लगेच काढूही शकतो. तरी त्या क्षणापर्यंत एका बँकेकडून दुसरीकडे एक रुपयाही गेलेला नसतो. गुजरीतल्या दोन पेढ्यांनी दिवसभर एकमेकींच्या चिठ्ठीवर माल द्यावा आणि संध्याकाळी वह्या जुळवून फक्त फरकाची रक्कम द्यावी, तसा हा व्यवहार आहे. फरक इतकाच की इथे पेढ्या शेकडो आहेत आणि हिशोब दिवसातून अनेकदा होतो. बँकांमधला हा हिशोब, म्हणजे यूपीआयची सेटलमेंट, दिवसात १० फेऱ्यांमध्ये होते.

समजा एका फेरीत आमच्या बँकेच्या खातेदारांनी इतर सगळ्या बँकांमधल्या लोकांना मिळून ४० लाख पाठवले आणि आमच्या खातेदारांना बाहेरून ३७ लाख आले. तर आमच्याकडून एकच आकडा जातो, ३ लाख. हे पैसे रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांमधून आरटीजीएसने वळते होतात. आधाराने जोडलेल्या छोट्या बँकेच्या बाबतीत ते आधार देणाऱ्या बँकेच्या खात्यातून जातात आणि मग त्या दोघी आपसात हिशोब करतात.

चित्रात हे खाली वेगळ्या पट्टीत, जाड आणि सावकाश सरकणाऱ्या रेषेने दाखवा. नाणं किंवा नोट काढायचीच असेल तर फक्त इथे काढा. वरच्या गोलांमध्ये नाणं उडताना दाखवलंत की प्रेक्षक पुन्हा ‘नाणं वाटेत हरवलं’ असंच समजणार.

उत्तर न येण्याच्या दोन जागा

आता तुमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. स्विच कुठल्याही बँकेची अनंतकाळ वाट बघत नाही. जून २०२५ पासून पेमेंटच्या निरोपाला उत्तर द्यायची मुदत १५ सेकंद आहे, आधी ती ३० होती. या मुदतीत उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे कोण गप्प राहिलं यावर ठरतं. आणि दोन्हीकडचे निर्णय एकमेकांच्या उलटे आहेत.

पहिली जागा गिऱ्हाइकाच्या बँकेची. स्विचने वजा करायला सांगितलं आणि उत्तर नाही. बँकेने रक्कम कापली असेल किंवा नसेलही. पण दुकानदाराच्या बँकेला अजून काहीच सांगितलेलं नाही, म्हणून स्विच निर्धास्तपणे व्यवहार फेल जाहीर करतो आणि गिऱ्हाइकाच्या बँकेला उलट निरोप पाठवतो: कापले असतील तर परत घाला. ती बँक जागेवर असेल तर काही क्षणांत ४,७५० चे पुन्हा ६,२०० होतात. ती त्या वेळी बंदच असेल तर हा उलट निरोपही पोचत नाही, आणि मग आमच्यासारखा माणूस फाइल जुळवताना ती नोंद पकडतो आणि पैसे परत टाकतो.

दुसरी जागा दुकानदाराच्या बँकेची, आणि अवघड प्रकार हाच आहे. इथे गिऱ्हाइकाचे पैसे नक्की कापले गेलेत, त्याचं उत्तर स्विचकडे आहे. जमा करायचा निरोप गेला, पण उत्तर आलं नाही. याचा अर्थ तीनपैकी काहीही असू शकतो. निरोप पोचलाच नसेल. पोचून रांगेत पडला असेल आणि दोन मिनिटांनी जमा होईल. किंवा केव्हाच जमा झालं असेल आणि फक्त परतीचं उत्तर हरवलं असेल. स्विचच्या जागेवरून हे तिन्ही अगदी सारखे दिसतात.

अशा वेळी गिऱ्हाइकाला लगेच पैसे परत दिले तर काय होईल ते बघा. तिसरी शक्यता खरी निघाली तर दुकानदाराकडे १,४५० आहेत आणि गिऱ्हाइकाकडेही १,४५० परत आलेत. दुकानदाराने ते तोवर काढलेले असू शकतात. म्हणजे कुठल्यातरी बँकेच्या अंगावर रक्कम येणार. म्हणून नियम उलटा आहे: व्यवहार यशस्वी झाला असं गृहीत धरायचं. आमच्याकडे याला ‘डीम्ड’ म्हणतात. सेटलमेंटमध्ये १,४५० दुकानदाराच्या बँकेच्या नावे धरले जातात आणि आता जबाबदारी तिची. तिने आपल्या नोंदी तपासायच्या, जमा झाले नसतील तर हाताने जमा करायचे, आणि खातं बंद किंवा गोठवलेलं असल्यामुळे करता येत नसतील तर परत पाठवायचे. जमा केलं हे कळवण्याला टीसीसी आणि परत पाठवण्याला आरईटी म्हणतात. आमच्या दिवसाचा मोठा भाग यातच जातो.

तेव्हा ‘पैसे कुठे असतात’ याचं नेमकं उत्तर असं: पहिल्या प्रकारात ते गिऱ्हाइकाच्या बँकेतच आहेत, फक्त त्याच्या खात्याबाहेर. दुसऱ्या प्रकारात सेटलमेंटनंतर ते दुकानदाराच्या बँकेत आहेत, त्याच्या खात्यात किंवा खात्याच्या उंबऱ्याशी.

एक तिसरा प्रकारही आहे, पण तो सोपा आहे. दुकानदाराच्या बँकेने स्पष्ट ‘नाही’ म्हणून कळवलं, तर स्विच गिऱ्हाइकाची रक्कम लगेच परत करायला सांगतो. नकार आला तर काहीच अवघड नसतं. अवघड असतं ते उत्तरच न येणं.

हे घडतं कधी? गर्दीच्या तासांना, लिंक गेल्यावर, आणि रात्री कोअर बँकिंगचा दिवस बंद करायचं काम चालू असताना. आधाराने जोडलेल्या बँकेत निरोपाला एक टप्पा जास्त पार करावा लागतो, म्हणून १५ सेकंद तिथे लवकर संपतात.

दुकानदाराला कसं ओळखता येईल

गिऱ्हाइकाच्या फोनवर रक्कम कापल्याचा मेसेज दोन्ही प्रकारांत सारखाच येतो. फरक ॲपमध्ये दिसतो. ‘फेल’ दिसत असेल तर बहुधा पहिला प्रकार आहे. पैसे गिऱ्हाइकाकडेच परत येणार, तेव्हा त्याने पुन्हा दिले तरी दुकानदाराला दोनदा मिळणार नाहीत. ‘पेंडिंग’ किंवा ‘प्रोसेसिंग’ दिसत असेल तर बहुधा दुसरा प्रकार आहे. पैसे थोड्या वेळाने जमा होऊ शकतात, म्हणून घाईने दुसऱ्यांदा घेऊ नयेत. मिनिटभर थांबावं, तेवढ्यात ॲप स्विचला स्थिती विचारू शकतं. प्रत्येक ॲपची शब्दयोजना वेगळी असते, त्यामुळे ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

काउंटरवरचा स्पीकर बोलला नाही म्हणजे पैसे आले नाहीत, असंही समजू नका. तो बँकेचं खातं बघत नाही, त्याच्या कंपनीकडे आलेला निकालाचा निरोप वाचून दाखवतो. तो निरोप उशिरा आला तर खात्यात रक्कम पडूनही स्पीकर गप्प राहतो. त्याचप्रमाणे गिऱ्हाइकाने दाखवलेला १२ अंकी संदर्भ क्रमांक म्हणजे पैसे पोचल्याचा पुरावा नाही. तो फेल गेलेल्या व्यवहारालाही असतो. त्याचा उपयोग शोधायला: दुकानदाराने तोच क्रमांक स्वतःच्या खात्याच्या स्टेटमेंटमध्ये शोधावा. सापडला तर विषय संपला.

मुदतीही चित्रात घाला, लोक तेच विचारतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एकाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे कापले जाऊन जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत आले पाहिजेत. व्यापाऱ्याला केलेल्या पेमेंटमध्ये ही मुदत पाच दिवसांची आहे. इथे दिवस म्हणजे कॅलेंडरचा दिवस, म्हणून शनिवारच्या व्यवहाराला रविवारही मोजला जातो. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे आणि ती ग्राहकाने तक्रार करायची वाट न बघता द्यायची असते. म्हणून मी सुरुवातीलाच क्यूआर व्यापारी आहे की वैयक्तिक हे महत्त्वाचं म्हटलं. वैयक्तिक क्यूआर लावलेल्या भाजीवाल्याला एक मुदत लागू, शेजारच्या नोंदणीकृत दुकानाला दुसरी.

आता ॲनिमेशन

मी एसव्हीजी वापरतो. फायदा हा की एका ठिपक्याची सुरुवात दुसऱ्याच्या शेवटाला बांधता येते, आणि ‘आधी वजा, मग जमा’ हा क्रम कोडमध्येच पक्का होतो. खाली जमा करायचा निरोप आहे. `debitResp` हे गिऱ्हाइकाच्या बँकेच्या उत्तराच्या `animateMotion` ला दिलेलं नाव आहे:

```svg
<circle r="7" fill="#1e7d4f" opacity="0">
  <set attributeName="opacity" to="1" begin="creditReq.begin"/>
  <animateMotion id="creditReq" path="M300,180 L520,80"
    dur="0.9s" begin="debitResp.end+0.4s" fill="freeze"/>
</circle>
```

`opacity="0"` आणि `set` विसरू नका. ते नसेल तर आपली पाळी येईपर्यंत ठिपका चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात उगाच बसून राहतो. पासबुकाच्या पट्टीतले दोन आकडे एकावर एक ठेवा आणि त्यांचीही `opacity` अशीच बदला: वजा करायच्या निरोपाच्या `animateMotion` ला `debitReq` नाव दिलंत तर ४,७५० हा आकडा `debitReq.end` ला उगवला पाहिजे, उत्तर निघण्याआधी. वजावट बँकेत होते, परतीच्या वाटेवर नाही.

उत्तर न येण्याचा प्रसंग दाखवताना ठिपका दुकानदाराच्या बँकेत जाऊ द्या आणि तिथून काहीच बाहेर काढू नका. त्याऐवजी स्विचभोवती एक कडं हळूहळू रिकामं होऊ द्या. कड्याची त्रिज्या ४० घेतली तर परीघ साधारण २५१ येतो. `stroke-dasharray` २५१ ठेवा आणि `stroke-dashoffset` शून्यापासून २५१ पर्यंत न्या. १५ सेकंदांचं हे कडं पडद्यावर पाच सेकंदांत रिकामं करा, पण बाजूला ‘१५ सेकंद’ असं लिहा. कडं संपल्यावर दुकानदाराच्या पट्टीवर आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह आणा, लाल फुली नको. फुली म्हणजे फेल, आणि हा व्यवहार फेल नाही.

दोन्ही प्रसंग एकापाठोपाठ दाखवा, त्याच गोलांवर आणि त्याच आकड्यांनी. एकदा डावी बँक गप्प, एकदा उजवी. पहिल्यात शेवटी ६,२०० परत येतात, दुसऱ्यात १९,७५० उशिरा उगवतात.

दुकानदार हे व्हॉट्सॲपवर बघणार आणि तिथे एसव्हीजी हलत नाही. म्हणून शेवटी ब्राउझरमध्ये चालवून स्क्रीन रेकॉर्ड करा आणि व्हिडिओ पाठवा, उभ्या आकारात. त्यासाठी दोन्ही बँका डाव्या-उजव्या बाजूला, ॲप वर आणि सेटलमेंटची पट्टी तळाशी ठेवलीत तर आकडे भर उन्हातल्या काउंटरवरही वाचता येतील एवढे मोठे करता येतात.